गुडघा उडतोय आणि फोटो मात्र कमरेचा

निपाणीच्या बाजूला, वेदगंगेच्या काठच्या एका गावातले तात्या. वय एकसष्ट, शेती ऊस-तंबाखूची. तात्या म्हणजे कुणी एकच माणूस नव्हे. या भागात वरचेवर दिसणाऱ्या रुग्णांचे तुकडे जोडून मी हे एक उदाहरण उभं केलंय. त्यांची तक्रार ते अशी सांगतात: "पाय लाकडागत झाल्यात बघा. चप्पल पायातनं कवा निसटती, कळत न्हाई." सुरुवात सहा-आठ महिन्यांपूर्वीची. कंबर आधीपासून दुखायचीच, म्हणून कमरेचा एमआरआय झाला आणि चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती थोडी बाहेर आलेली दिसली. घरात एकच वाक्य पक्कं झालं: तात्यांच्या मणक्यात गॅप हाय. मग पट्टा, वजन लावून कंबर ताणणं, इंजेक्शनं. फाइल बेळगावची, फोटो कोल्हापूरचा, गोळ्या मिरजेच्या. आपल्याकडे नवल नाही. पाय मात्र जास्तच ताठ होत गेले.

पुढे कुणीतरी त्यांना टेबलाच्या कडेला पाय सोडून बसवलं आणि गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडीने हलकं ठोकलं. पाय ताडकन वर उडाला आणि पुन्हा दोनदा झुलला. कमरेतली चकती पायाला असं उडवू शकत नाही. ती का उडवू शकत नाही, हे कळलं की मेंदूपासून स्नायूपर्यंतच्या वाटेवर बिघाड कुठे आहे हे हातोडीने कसं शोधतात तेही कळतं.

मेंदूतून निघालेला हुकूम स्नायूपर्यंत दोन टप्प्यांत जातो. पहिल्या टप्प्याची पेशी मेंदूच्या पृष्ठभागावर असते. तिचा लांबलचक तंतू मेंदूच्या आतून खाली उतरतो, कवटीच्या तळाशी बहुतेक तंतू बाजू बदलतात, आणि मग मज्जारज्जूतून खाली येतात. हा अप्पर मोटर न्यूरॉन, आपण त्याला वरचा न्यूरॉन म्हणू. तो मज्जारज्जूतच संपतो. तिथे पुढच्या भागात दुसरी पेशी बसलेली असते. तिचा तंतू मज्जारज्जूबाहेर पडून आधी मुळाच्या, मग नसेच्या रूपाने थेट स्नायूपर्यंत पोचतो. हा लोअर मोटर न्यूरॉन, म्हणजे खालचा. हाताचे खालचे न्यूरॉन मानेच्या भागातल्या रज्जूतून निघतात, पायाचे रज्जूच्या शेवटच्या भागातून.

आता एक गोष्ट, जी रुग्णांना सहसा कुणी सांगत नाही. मज्जारज्जू कण्यात शेवटपर्यंत जातच नाही. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्या खाली पोकळीत असतात ती फक्त पायाकडे निघालेली मुळं, म्हणजे खालच्या न्यूरॉनचे तंतू आणि संवेदना आणणारे तंतू. वरचा न्यूरॉन तिथे नसतोच. तेव्हा चौथ्या-पाचव्या मणक्यातली चकती कितीही सरकली तरी ती दाबणार खालच्या न्यूरॉनला. वरच्या न्यूरॉनला इजा व्हायला हवी असेल तर ती त्याहून वर कुठेतरी झाली पाहिजे: पाठीत, मानेत किंवा डोक्यात.

पाय उडाला म्हणजे नेमकं काय झालं? हातोडीने वाटीखालची शीर, म्हणजे मांडीचा स्नायू हाडाला बांधणारी दोरी, दाबली जाते, त्यामुळे मांडीचा पुढचा स्नायू क्षणभर ताणला जातो. स्नायूच्या आत ताण मोजणारी सूक्ष्म यंत्रणा असते. तिची बातमी संवेदनेच्या नसेतून रज्जूत जाते आणि तिथे थेट खालच्या न्यूरॉनला भिडते. तो लगेच स्नायूला आकुंचन पावायला सांगतो. मेंदूला विचारलं जात नाही, म्हणूनच हे इतक्या चटकन होतं. हाच रिफ्लेक्स, आणि स्नायूपासून रज्जूपर्यंत जाऊन परत येणारी ही वाट म्हणजे त्याचं वर्तुळ. मेंदू या खेळात नसतो असं मात्र नाही. वरून येणारे तंतू खालच्या न्यूरॉनवर सतत अंकुश ठेवून असतात. बैलगाडीचं बघा: कासरा तुटला तर बैल मरत नाही, उलट जरा डिवचलं की उधळतो, बैलच बसला तर मात्र कासरा कितीही ओढा, गाडी हलत नाही.

वरचा न्यूरॉन तुटला की कासरा सुटतो. रिफ्लेक्सचं वर्तुळ शाबूत असतं, अंकुश गेलेला असतो, म्हणून रिफ्लेक्स जोरात येतो. खालचा न्यूरॉन तुटला की वर्तुळच तुटतं, म्हणून रिफ्लेक्स मंद होतो किंवा जातो. गुडघ्याचा रिफ्लेक्स कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मुळावर चालतो आणि घोट्याचा कमरेखालच्या त्रिकास्थीच्या पहिल्या मुळावर. म्हणून कमरेतली चकती या मुळांपैकी एखादं दाबत असेल तर त्या बाजूचा रिफ्लेक्स दुसऱ्या बाजूपेक्षा कमी व्हायला हवा, जास्त नव्हे. जुन्या शुगरच्या रुग्णातही नसा झिजून घोट्याचा रिफ्लेक्स जातो. तेव्हा पाय उडणारा रुग्ण समोर असताना "शुगरमुळे असेल" म्हणणंही तितकंच चुकीचं.

रिफ्लेक्स जोरात आला म्हणजे आजार झालाच असं मात्र नाही. घाबरलेल्या तरुणाचे किंवा थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करणाऱ्या बाईचे सगळेच रिफ्लेक्स उड्या मारतात. उलट काही धडधाकट माणसांचा गुडघा ढिम्म हलत नाही. मग त्यांना दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगतात आणि त्याच क्षणी ठोकतात, लपलेला रिफ्लेक्स बहुधा वर येतो. म्हणून डॉक्टर एका ठोक्यावर निकाल देत नाहीत. उजव्या-डाव्याची तुलना करतात, हाताची पायाशी तुलना करतात आणि साक्षीला आणखी दोन-तीन खुणा शोधतात.

तात्यांच्या बाबतीत साक्षीदार भरपूर निघाले. गुडघा किंचित वाकवून धरला आणि पाऊल झटकन वर दाबून धरलं, तर घोटा आपोआप थरथर-थरथर हलत राहिला. दाब सोडेपर्यंत थांबेना. याला क्लोनस म्हणतात. एक-दोन झटके पुष्कळांना येतात, पण न थांबणारी थरथर अंकुश सुटल्याची मोठी खूण. मग तळव्याच्या बाहेरच्या कडेने टाचेकडून करंगळीकडे आणि तिथून अंगठ्याच्या बाजूला बोथट टोकाने रेघ ओढली. आपला अंगठा अशा वेळी खाली वळतो. तात्यांचा सावकाश वर उचलला गेला आणि बाकीची बोटं पंख्यासारखी फाकली. फ्रान्समधल्या जोसेफ बाबिन्स्कींनी १८९६ मध्ये नोंदवलेली ही खूण. तान्ह्या बाळात ती असतेच, कारण वरच्या न्यूरॉनवरचं आवरण अजून पूर्ण तयार झालेलं नसतं. चालायला लागलेल्या माणसात ती दिसली तर तिला घाबरल्याचा किंवा थायरॉइडचा खुलासा चालत नाही. माझं विचाराल तर सगळ्या तपासणीत ही अर्ध्या मिनिटाची रेघ सर्वांत भरवशाची, आणि घाईच्या ओपीडीत सर्वांत आधी गळणारीही हीच. बूट-मोजे काढायला वेळ कुणाला असतो!

पुढे स्नायूंचा ताण. रुग्णाला पाय सैल सोडायला सांगून डॉक्टर तो स्वतः वाकवतात. तात्यांचा पाय हळू वाकवला तर बऱ्यापैकी वाकला. झटक्यात वाकवायला गेलं तर मध्येच अडला आणि जोर लावल्यावर एकदम सुटला. वरच्या न्यूरॉनच्या बिघाडाचा ताठरपणा असाच असतो: वेगावर अवलंबून. कारण तेच, झटक्यात ताणलं की ताण मोजणारी यंत्रणा जोरात बातमी देते आणि अंकुश नसलेला खालचा न्यूरॉन जोरात उत्तर देतो. पार्किन्सनमध्येही अंग ताठ असतं, पण तिथे हळू वाकवा की जोरात, अडथळा सारखाच. खालचा न्यूरॉन गेला तर याच्या उलट: पाय उचलून सोडला की धप्पकन पडतो, स्नायू हाताला पिळपिळीत लागतो आणि काही आठवड्यांत डोळ्यांना दिसेल इतका बारीक होतो. वरच्या बिघाडात स्नायू वाळतो तो न वापरल्यामुळे, थोडाच आणि उशिरा.

आता अशक्तपणाचा नमुना. गावातली माणसं तात्यांना म्हणायची, "उभं तर नीट ऱ्हातासा, मग चालताना काय हुतंय?" प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर त्यातच आहे. वरच्या न्यूरॉनचा बिघाड पायाचे सगळे स्नायू सारखे पाडत नाही. शरीराचं वजन तोलणारे, गुडघा सरळ ठेवणारे आणि पाऊल जमिनीवर दाबणारे स्नायू बऱ्यापैकी टिकतात, कारण त्यांना मेंदूच्या तळाकडून येणाऱ्या दुसऱ्या वाटांचाही आधार असतो. जास्त पडतात ते पाय उचलणारे: मांडी वर घेणारा, गुडघा वाकवणारा, पाऊल वर उचलणारा. म्हणून तात्या उभे राहतात, पण पाऊल टाकताना अंगठा जमिनीला घासतो, चप्पल मागे राहते आणि सरीतला साधा ढेकूळ पायात अडकतो. हातात हाच नमुना उलट दिसतो: मूठ आवळणं आणि कोपर वाकवणं टिकतं, बोटं उघडणं आणि हात खांद्यातून बाजूला उचलणं जास्त पडतं. पक्षाघाताच्या रुग्णाचा हात छातीशी आखडलेला आणि पाय सरळ ताठ असतो, तो म्हणूनच.

खालच्या न्यूरॉनच्या बिघाडाचा नकाशा वेगळा. तिथे एका मुळाच्या किंवा एका नसेच्या हद्दीतलेच स्नायू पडतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडावरून वळणारी नस दाबली गेली तर पाऊल वर उचलता येत नाही. शेतात तासन्‌तास उकिडवं बसून काम करणाऱ्यांत हे होतं. पाऊल इथेही पडतं, तात्यांसारखंच, पण ते सैल असतं, चालताना फट्‌ फट्‌ आवाज येतो, गुडघ्याचा रिफ्लेक्स नेहमीसारखा आणि तळव्याची रेघ ओढली तर अंगठा वर जात नाही. चप्पल निसटण्याची तक्रार सारखीच असली तरी बिघाड वेगळ्या टप्प्यावर आहे.

इथवर एवढं ठरलं की तात्यांचा वरचा न्यूरॉन दोन्ही पायांकडे जाताना कमरेच्या वर कुठेतरी दबलाय. कुठे? पाठीत, की त्याच्याही वर? हे पायांवरून कळत नाही. त्यासाठी हात बघावे लागतात, आणि हातांकडे तात्यांनी स्वतः बोटही दाखवलं नव्हतं. विचारल्यावर बोलले: सदऱ्याची बटणं लावायला सुनेला हाक मारावी लागते, तंबाखूचे शेंडे खुडताना बोटं "ऐकत न्हाईत", आणि पाटी डोक्यावर घ्यायला उजवा हात वर जायला कुरकुरतो. कमरेचा आजार बटणं लावू देत नाही असं कधी होत नाही. हा एक प्रश्न आधी विचारला असता तर पट्टा आणि इंजेक्शनं वाचली असती.

दंडाच्या पुढच्या स्नायूचा रिफ्लेक्स मानेच्या पाचव्या-सहाव्या मुळावर चालतो. तात्यांच्या उजव्या हाताला तो जवळजवळ नव्हता, आणि दंड डाव्यापेक्षा थोडा बारीक होता. दंडाच्या मागच्या स्नायूचा, म्हणजे सातव्या मुळाचा रिफ्लेक्स मात्र उसळत होता. मग मनगटाच्या थोडं वर, अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर ठोका दिला. या ठोक्याने एरवी कोपर किंचित वाकतं. तेही पाचव्या-सहाव्या मुळाचंच काम. तात्यांचं कोपर हललं नाही. बोटं मात्र झटकन आत वळली.

हा एक ठोका मला फार आवडतो, कारण त्यात दोन्ही न्यूरॉनांची कैफियत एकदम ऐकू येते. कोपर वाकलं नाही, म्हणजे ज्या पातळीवरून ते वाकतं तिथलं वर्तुळच तुटलंय: तिथल्या खालच्या न्यूरॉनला, पेशीला किंवा मुळाला, इजा झालीय. ठोक्याचा धक्का हाडातून बोटं मिटवणाऱ्या स्नायूंनाही पोचतो. त्यांचे न्यूरॉन रज्जूत खाली, मानेच्या आठव्या पातळीवर आहेत. त्यांचं वर्तुळ शाबूत आहे, पण त्यांच्याकडे येणारी वरची वाट इजेच्या जागीच अडलीय. म्हणून तिथला अंकुश सुटला आणि बोटं उसळली. इजेच्या पातळीवर खालच्या न्यूरॉनच्या खुणा आणि तिच्या खाली सगळीकडे वरच्या न्यूरॉनच्या खुणा, हे जिथे भेटतं ती जागा म्हणजे मानेचा पाचवा-सहावा भाग. हातोडीने फोटो न काढता मणका दाखवला.

बटणांचा खुलासाही यातच आहे. बोटांचे स्नायू वाळलेले नव्हते, मूठ घट्ट होती. पण बारीक, वेगवेगळ्या हालचालींचा हुकूम वरून पोचत नव्हता. दहा सेकंदांत मूठ जितक्या वेळा उघडता-मिटता येईल तितकी उघडा-मिटा म्हटलं तर निरोगी माणूस विसाच्या आसपास किंवा पुढे जातो. तात्या अकरावर थकले, आणि मूठ मिटण्यापेक्षा उघडताना बोटं जास्त रेंगाळत होती.

आणखी एक ठोका राहिला: तोंड अर्धवट उघडं ठेवून हनुवटीवर बोट ठेवायचं आणि बोटावर ठोकायचं. जबड्याचा रिफ्लेक्स मेंदूच्या देठातून चालतो. तो उसळला असता तर बिघाड मानेच्याही वर आहे असं मानावं लागलं असतं. तात्यांचा जबडा नेहमीसारखा होता.

दोन्ही न्यूरॉनांच्या खुणा एकाच माणसात दिसल्या की मोटर न्यूरॉन डिसीजचं नाव मनात येतंच. त्या आजारात पेशीच एकामागून एक मरत जातात. ओळखायची खूण अशी की वाळलेल्या स्नायूतच रिफ्लेक्स जोरात येतो, जीभ बारीक होऊन आत वळवळते, जबड्याचा रिफ्लेक्स उसळतो आणि बधिरपणा मात्र कुठेच नसतो. तात्यांच्या बोटांच्या टोकांना मुंग्या आणि बधिरपणा होता, जीभ स्वच्छ होती, आणि वरच्या-खालच्या खुणांमध्ये मानेपाशी सरळ रेघ ओढता येत होती. बी-१२ ची कमतरताही तपासली. तिच्यात गुडघा उसळतो, अंगठा वर जातो आणि घोट्याचा रिफ्लेक्स कधीकधी गायब असतो, म्हणजे मिश्र चित्र तीही दाखवते. ती रक्ताच्या तपासणीत कळते आणि वेळेवर इंजेक्शनं दिली तर आटोक्यात येते, म्हणून ती न तपासता पुढे जाऊ नये.

या सगळ्या नियमांना एक मोठी फट आहे, ती म्हणजे पहिले काही दिवस. झाडावरून पडून मानेचा रज्जू चिरडला किंवा अचानक पक्षाघात झाला तर बिघाड वरच्या न्यूरॉनचा असूनही हातपाय सुरुवातीला पूर्ण सैल आणि रिफ्लेक्स गायब असू शकतात. वरचा आधार एकदम निघून गेल्याने खालचे न्यूरॉन काही काळ मुके होतात. ताठरपणा आणि उसळी दिवसांनी, कधी आठवड्यांनी येते. अशा ताज्या रुग्णाचे पाय सैल आहेत म्हणून बिघाड नसेचा ठरवणं धोक्याचं. तात्यांचा आजार महिनोन्‌महिने हळूहळू वाढलेला होता, म्हणून त्यांच्या खुणांवर विसंबता आलं.

मानेच्या एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या आणि पाचव्या-सहाव्या मणक्यांमधल्या चकत्या मागे सरकलेल्या, हाडाच्या कडा वाढलेल्या आणि त्यात रज्जू चपटा झालेला दिसला. दाबाच्या जागी त्यात एक पांढरट डागही होता. वयाबरोबर मान झिजणं पुष्कळांत होतं, आणि मानेचं दुखणं तात्यांना फारसं नव्हतंच. रज्जू दबताना मान दुखलीच पाहिजे असा नियम नाही. कमरेतली चकतीही खोटी नव्हती. साठीच्या माणसाच्या कमरेचा फोटो काढला की तशी चकती बहुधा सापडतेच. फक्त तिचा या ताठ पायांशी संबंध नव्हता.

रज्जूवरचा दाब इतका असेल आणि चालणं बिघडत चाललं असेल तर गोळ्या-पट्ट्याने तो उतरत नाही. शस्त्रक्रिया करून जागा मोकळी करावी लागते. तिचं पहिलं उद्दिष्ट आणखी बिघाड थांबवणं. सुधारणा किती होईल हे दाब किती काळ होता यावर अवलंबून असतं, म्हणून सहा-आठ महिने कमरेवर खर्च झाले ते महाग पडतात. दाढी झाल्यावर न्हाव्याकडून मान कडकड मोडून घ्यायची सवय अशा माणसाने त्याच दिवशी सोडायची, आणि मानेला झटके देणाऱ्या हाडवैद्याकडेही जायचं नाही. चपट्या रज्जूला एक झटका पुरतो.

शस्त्रक्रियेनंतर काय अपेक्षा ठेवायची? चालणं मोकळं होऊ शकतं, बटणं पुन्हा लागू शकतात. दंडाचा बारीक झालेला स्नायू तितका भरून येईलच असं नाही, कारण तिथे खालच्या न्यूरॉनच्या पेशी मेल्या असतील तर त्यांच्या जागी नव्या येत नाहीत. गुडघा मात्र पुढेही उडत राहील, अंगठाही वर जात राहील, कधी कायमचा. त्याचा अर्थ दाब परत आला असा नाही. म्हणून शस्त्रक्रियेआधीचे आणि सहा महिन्यांनंतरचे रिफ्लेक्स, दोन्ही हातापायांचे, फाइलमध्ये लिहून घ्यावेत. पुढच्या वर्षी बेळगावात, कोल्हापुरात किंवा मिरजेत दुसऱ्या कुणी हातोडी उचलली, तर आधी किती उडत होता हे त्याला बघता आलं पाहिजे.